ताईचे लग्न, सकाळचा पहिला तास आणि पंचाहत्तर टक्के

वाचकाचे पत्र

मी गोव्यातील सत्तरी तालुक्यात राहते आणि बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्या ताईचे लग्न गुरुवार, २६ फेब्रुवारीला म्हार्दोळला देवळाच्या सभागृहात आहे. मंगळवारी निबंधक कार्यालयात सही आहे आणि साक्षीदार म्हणून माझे नाव ठरले आहे. बुधवारी घरी देवकार्य व चुडा, शुक्रवारी ताईच्या सासरी पूजा. म्हणून मला सोमवार ते शुक्रवार अशी पाच दिवसांची रजा हवी आहे. अडचण हजेरीची आहे. नऊ आठवडे संपले; १८० तासांपैकी मी १२८ तासांना हजर होते, म्हणजे ७१ टक्के. कॉस्ट अकाउंटिंगचा तास सकाळी पहिला असतो आणि माझी बस उशिरा पोहोचते, त्यामुळे त्यात ३६ पैकी २२ च भरले आहेत. जानेवारीत तापाने पूर्ण आठवडा गेला, पण त्याचा दाखला अजून दिलेला नाही. त्याच शुक्रवारी एक आय.एस.ए. चाचणीही आहे. आतेभाऊ म्हणतो, सरळ डॉक्टरचा दाखला जोडून दे. मैत्रीण म्हणते, अर्जात हजेरीचा विषयच काढू नकोस. प्राचार्यांना पत्र कसे लिहू?

— एक विद्यार्थिनी, सत्तरी

उत्तर

हजेरीचा विषय तुम्ही अर्जात काढलाच पाहिजे, आणि तोही आकड्यांसह. प्राचार्यांच्या टेबलावर अर्ज जाण्यापूर्वी कार्यालयातील कारकून किंवा तुमचे मेंटॉर शिक्षक त्यावर तुमची हजेरी पेन्सिलीने लिहून ठेवतात. ती त्यांच्या हस्ताक्षरात दिसली तर तुम्ही लपवाछपवी केली असा अर्थ निघतो. तीच तुमच्या हस्ताक्षरात दिसली, तर बोलणे पुढच्या नियोजनावर येते. मात्र पत्राच्या मजकुरापूर्वी पाच दिवसांचा हट्ट एकदा तपासून पाहा, कारण तुमचे आकडे मी मांडून पाहिले आणि त्यांत एक जागा अशी आहे की तिथे पाच दिवस बसतच नाहीत.

चार क्रेडिटच्या विषयाला सत्रात साठ तास असतात. तुमचे असे पाच विषय, म्हणजे पंधरा आठवड्यांत ३०० तास. हजेरीची अट पंचाहत्तर टक्क्यांची, त्यासाठी त्यांतले २२५ हवेत. तुमचे १२८ झाले, उरले १२०, त्यांतले ९७ भरले की झाले. म्हणजे तुम्ही अजून २३ तास गमावू शकता. पाच दिवसांच्या रजेत रोजचे चार धरून २० तास जातात. एकूण हिशेबाने तुम्ही थोडक्यात सुटता, आणि बहुधा याच हिशेबावर तुम्ही पाच दिवस धरले असावेत.

आता फक्त कॉस्ट अकाउंटिंग घ्या. साठ तासांचे पंचाहत्तर टक्के म्हणजे ४५. तुमचे २२ झाले आहेत, म्हणून अजून २३ हवेत, आणि उरलेत मात्र २४. सत्र संपेपर्यंत या विषयाचा केवळ एक तास तुम्ही गमावू शकता. पूर्ण आठवडा घरी राहिलात तर चार तास जातात, आणि त्यानंतर एकही तास न चुकवता बसलात तरी ६० पैकी ४२, म्हणजे ७० टक्क्यांवर थांबता. एकूण ७६ टक्के असूनही एका विषयात तुम्ही अडकता. ही टक्केवारी विषयवार धरली जाते की एकूण, हे तुमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत छापलेले असेल. ते पाहून घ्या आणि शंका असेल तर कार्यालयात विचारा. पण नियोजन करताना विषयवारच धरा, कारण तो अर्थ कडक आहे, आणि तो साधला तर दुसरा आपोआप साधतो.

म्हणून पाचही दिवस एकेक करून पाहू. सोमवारी तुमच्या पत्रात काहीच कार्यक्रम नाही. घरात कामाची गडबड असेल, पण गडबड हे प्राचार्यांसमोर मांडण्यासारखे कारण नव्हे. मंगळवारची सही महत्त्वाची आहे, याविषयी दुमत नाही. आपल्या गोव्यात विवाहाची नोंदणी नागरी निबंधकापुढे होते, आधी इरादा जाहीर करायचा आणि मग साक्षीदारांसह सही करायची, आणि कायद्याच्या दृष्टीने लग्न त्या सहीने होते, हे घरातल्या मोठ्यांना पुरते ठाऊक आहे. परंतु साक्षीदार म्हणून धाकटी बहीणच हवी असे नाही. मामा, काका, मावशी, ज्यांना त्या दिवशी सहज जाता येईल अशा सज्ञान नातेवाइकाने सही केली तरी नोंदणी तितकीच पक्की. ताईच्या नोंदवहीत आपले नाव असावे अशी तुमची इच्छा मला समजते. ती सोडवत नसेल, तर सही मंगळवारऐवजी कॉलेजला सुटी असलेल्या, पण निबंधक कार्यालय चालू असलेल्या दिवशी होऊ शकेल का, हे वडिलांना आत्ताच कार्यालयात विचारायला सांगा. मुहूर्त हलत नाही, पण कार्यालयातली वेळ विनंती केल्यास हलू शकते.

बुधवार आणि गुरुवार तुमचेच. घरच्या देवकार्याला आणि चुडा भरताना सख्खी बहीण गैरहजर राहावी असे कोणताही समंजस प्राचार्य म्हणणार नाही. राहिला शुक्रवार. त्या दिवशी चाचणी आहे आणि पूजा दुसऱ्यांच्या घरची आहे. सासरच्या पूजेला माहेरची माणसे बहुधा दुपारच्या आरतीपर्यंत किंवा संध्याकाळपर्यंत पोहोचतात. तुम्ही चाचणी देऊन आणि त्या दिवसाचे तास करून थेट तिकडे गेलात तर कोणाला वावगे वाटणार नाही. ताईच्या सासूबाईंना आधी एक फोन करून ठेवला म्हणजे झाले.

रजा अशी दोन दिवसांवर आली की चित्र बदलते. तुमच्या पत्रात कॉस्ट अकाउंटिंगचे वार नाहीत, म्हणून पुढचे गणित वेळापत्रकाशी ताडून पाहा. पाच दिवसांत चार तास असल्याने एका दिवशी तो विषय नसणार. तो दिवस बुधवार असेल, तर रजेत केवळ गुरुवारचा एक तास जाईल आणि सत्राअखेर तुमचे बरोबर ६० पैकी ४५ भरतील. तो दिवस गुरुवार असला तरी हिशेब हाच. पण दोन्ही दिवशी तो तास असेल तर ४४ वर याल, म्हणजे एकाने कमी, आणि मग तापाच्या दाखल्याचा आधार लागेल. त्याविषयी पुढे लिहितो. एकूण हजेरीत तर तुम्ही ३०० पैकी २४० पर्यंत, म्हणजे ८० टक्क्यांपर्यंत जाता.

या ४५ च्या आकड्यात किंचितही सैलपणा नाही, आणि एक बाब विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. पुढच्या आठवड्यांत एखादा तास झालाच नाही, सर आजारी पडले किंवा शिगमोच्या दिवसांत एक सुटी वाढली, तर मुलांना आनंद होतो. तुम्हाला मात्र तो महागात पडतो. एकूण तास ६० ऐवजी ५९ झाले की तुमचे जास्तीत जास्त ४४ भरतात, आणि ते ७५ टक्क्यांना जरासे कमी पडतात. तुमची हजेरी खाली असल्यामुळे प्रत्येक होणारा तास तुम्हाला वर आणतो आणि न झालेला तास वर येण्याची संधी घेऊन जातो. म्हणून कॉस्ट अकाउंटिंगच्या शिक्षकांना आत्ताच भेटा आणि बुडालेल्या तासाच्या बदल्यात जादा तास होणार असेल तर तो नोंदवहीत धरला जाईल ना, एवढे विचारून ठेवा.

आतेभावाचा सल्ला मानू नका. लग्नासाठी आजारपणाचा दाखला जोडणे हा खोटेपणा आहेच, शिवाय तुमच्या बाबतीत तो सरळ नुकसानीचा आहे. तुमच्याकडे जानेवारीच्या तापाचे खरे कारण आहे. हजेरीतली तूट माफ करताना कॉलेज सहसा आजारपण आणि कॉलेजच्या वतीने खेळ, एन.सी.सी., एन.एस.एस. यांतला सहभाग विचारात घेते. घरचे लग्न त्यात सहसा येत नाही. ज्या आठवड्यात वर्गमैत्रिणींच्या फोनवर तुम्ही हळदीच्या साडीत दिसता, त्याच आठवड्याचा दाखला कार्यालयात पोहोचला, तर जानेवारीच्या खऱ्या दाखल्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. खऱ्या तापाचे चार तास या विषयात तुमच्या बाजूने उभे राहू शकतात. ते असे घालवू नका.

तो दाखला कामावर रुजू झाल्याप्रमाणे परतल्याच्या दिवशीच द्यायला हवा होता. आता उशीर झाला आहे, पण सत्र संपलेले नाही. आरोग्य केंद्राची चिठ्ठी, औषधांची पावती, रक्त तपासले असेल तर त्याचा अहवाल, जे असेल ते गोळा करून स्वतंत्र अर्जासोबत याच आठवड्यात द्या. डॉक्टरांकडून आज नवा दाखला घेतलात तर त्यावर आजचीच तारीख येऊ द्या आणि आजारपणाचे दिवस मजकुरात येऊ द्या. मागची तारीख टाकून मागू नका. हा अर्ज लग्नाच्या अर्जात मिसळू नका. दोन कारणे एका कागदावर आली की वाचणाऱ्याला दोन्ही पातळ वाटतात. लग्नाच्या अर्जात त्याचा एका वाक्यात उल्लेख पुरे.

आता मुख्य अडचण, म्हणजे बस. तुम्हाला पुढचे २४ पैकी २३ पहिले तास भरायचे आहेत, आणि नऊ आठवड्यांत तुम्ही त्यांतले ३६ पैकी १४ चुकवले आहेत, त्यांत तापाचे चारच. ‘यापुढे नियमित येईन’ असे लिहिलेत तर प्राचार्य ते वाचून पान उलटतील, कारण प्रत्येक अर्जात ते असते. त्याऐवजी आधीची बस कोणती धरणार, किंवा सत्र संपेपर्यंत कॉलेजजवळच्या नातेवाइकांकडे राहणार का, हे ठरवून नेमके लिहा. आणि अर्ज सोमवार, ९ फेब्रुवारीलाच द्या. लग्नाआधी मधे दोन पूर्ण आठवडे येतात आणि त्यांत पहिल्या तासाचे आठ दिवस. अर्जात लिहिलेले वचन प्राचार्यांच्या डोळ्यांदेखत आठ वेळा पाळले गेले, तर रजेविषयी शंका राहणार नाही. हाच अर्ज २३ तारखेला दिलात तर पाहण्यासारखे काहीच त्यांच्याजवळ नसेल.

अर्जात मागणी काय करायची, याचाही घोळ नेहमी होतो. रजा मंजूर होणे म्हणजे हजेरी लागणे नव्हे. प्राचार्य रजा देतात म्हणजे तुम्ही विनापरवाना गैरहजर राहिलात असे मानले जात नाही. पण नोंदवहीत त्या आठ तासांपुढे गैरहजर असेच राहते. म्हणून ‘त्या दिवसांची हजेरी लावावी’ अशी विनंती करू नका. ती मान्य करणे प्राचार्यांना अवघड असते आणि तिच्यामुळे साधी रजाही अडते. उलट ती मागत नाही असे स्पष्ट लिहा.

मी पत्र असे लिहिले असते. जागा भरून आणि आकडे कार्यालयाच्या नोंदीशी ताडून तुमच्या अक्षरात उतरवा.

दिनांक : ९ फेब्रुवारी

प्रति,
माननीय प्राचार्य,
(कॉलेजचे नाव व पत्ता)

मार्फत : मेंटॉर शिक्षक, बी.कॉम. द्वितीय वर्ष

विषय : बहिणीच्या विवाहासाठी २५ व २६ फेब्रुवारी रोजी रजा मिळण्याबाबत, तसेच माझ्या हजेरीबाबत.

महोदय,

मी बी.कॉम. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी असून माझा अनुक्रमांक (…) आहे. माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीचा विवाह गुरुवार, २६ फेब्रुवारी रोजी म्हार्दोळ येथे होणार असून, आदल्या दिवशी बुधवारी आमच्या राहत्या घरी देवकार्य आहे. या दोन दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती. शुक्रवार, २७ फेब्रुवारी रोजी मी चाचणीस व सर्व तासांना हजर राहीन.

माझी हजेरी अपेक्षेपेक्षा कमी आहे, याची मला जाणीव आहे. ६ फेब्रुवारीअखेर १८० पैकी १२८ तास (७१ टक्के), आणि कॉस्ट अकाउंटिंग या विषयात ३६ पैकी २२ तास (६१ टक्के) माझी उपस्थिती आहे. या विषयाचा तास पहिला असल्याने व माझी बस उशिरा पोहोचत असल्याने ही तूट मुख्यतः झाली. आजपासून मी (…) वाजताच्या बसने येत आहे. जानेवारीतील आजारपणाची कागदपत्रे वेगळ्या अर्जासोबत सादर केली आहेत.

रजेच्या दोन दिवसांची हजेरी मिळावी अशी माझी मागणी नाही. ते आठ तास वजा धरूनही उरलेल्या सर्व तासांना उपस्थित राहिल्यास सत्राअखेर माझी एकूण हजेरी ८० टक्के व कॉस्ट अकाउंटिंगची ७५ टक्के होते. हा हिशेब सोबत जोडला आहे. लग्नापूर्वीच्या दोन आठवड्यांतील माझी उपस्थिती आपण अवश्य पाहावी.

आपली विश्वासू,
(विद्यार्थिनीची सही व नाव)
(पालकांची सही व दूरध्वनी क्रमांक)

सोबत : लग्नपत्रिका, विषयवार हजेरीचा तक्ता.

कॉस्ट अकाउंटिंगचा तास बुधवारी आणि गुरुवारी दोन्ही दिवशी असेल, तर ७५ टक्क्यांचे वाक्य जसेच्या तसे ठेवू नका. ‘६० पैकी ४४ होतात, एक तास कमी पडतो, त्यासाठी आजारपणाच्या अर्जाचा विचार व्हावा’ असे लिहा. प्राचार्य महिला असतील तर ‘महोदया’ लिहा. पालकांची सही आई किंवा वडील कोणाचीही चालेल, पण ती खरी हवी, आणि घरी लग्नाची कितीही घाई असली तरी दूरध्वनी उचलला जाईल असाच क्रमांक द्या, कारण अशा अर्जावर कार्यालयातून अनेकदा खात्रीचा फोन जातो.

लग्नपत्रिकेबाबत एक बारीक गोष्ट. पत्रिकेवर ताईचे नाव आणि आईवडिलांची नावे असतात. तुमचे नाव ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या लहानग्यांत असले तर असेल. कॉलेजच्या नोंदीत वडिलांचे नाव आणि आडनाव जसे आहे तसेच पत्रिकेवर आहे का, ते पाहा. नसेल, म्हणजे एका ठिकाणी गावाचे नाव आडनाव म्हणून लागले असेल आणि दुसऱ्या ठिकाणी मूळ आडनाव, तर पत्रिकेच्या मागे एका ओळीत खुलासा लिहून वडिलांची सही घ्या. पत्रिका अजून छापून आली नसेल तर अर्ज थांबवू नका. ‘पत्रिका छापून येताच सादर करीन’ असे लिहून द्या.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक कार्यालयात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. मेंटॉर शिक्षकांची सही त्याआधी घ्यावी लागते, म्हणून सोमवारी पहिला तास झाल्याबरोबर त्यांना गाठा. चार-पाच दिवसांत उत्तर आले नाही तर ‘माझ्या अर्जावर काय झाले’ असे तुम्हीच जाऊन विचारा. मंजुरी गृहीत धरून घरी राहू नका.

शिक्षकांनी भेटीला बोलावले तर आईवडिलांपैकी एकाला सोबत घेऊन जा. भेटीत घरच्या अडचणींचा पाढा वाचू नका; हजेरीचा तक्ता पुढे ठेवा. प्राचार्यांनी ‘गुरुवारचीच रजा देतो’ असे म्हटले तर ती घ्या. देवकार्य सकाळी असते, पण घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून चुडा भरण्याची वेळ कॉलेज सुटल्यानंतरची ठरवता येते, आणि बुधवारी तास करून तुम्ही दुपारी घरी पोहोचू शकता.

लग्नाच्या आठवड्यानंतर फलकावर कमी हजेरीची यादी लागली तर घाबरून जाऊ नका. सगळे ठरल्याप्रमाणे झाले तरी २७ फेब्रुवारीला कॉस्ट अकाउंटिंगमध्ये तुमचे ४८ पैकी ३३, म्हणजे ६९ टक्केच असतील, आणि तुमचे नाव त्या यादीत येणारच. त्या दिवशी शिक्का मारलेली प्रत आणि तक्ता घेऊन मेंटॉर शिक्षकांना दाखवा, यादीपुढे ‘रजा मंजूर, उरलेले बारा तास पूर्ण करणार’ अशी नोंद करून घ्या, आणि दुसऱ्या दिवसापासून तुमच्या वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक पहिल्या तासाची तारीख स्वतः लिहीत जा. सत्राअखेर कार्यालयाचा आकडा आणि तुमचा आकडा वेगळा निघाला, तर ते पान दाखवून त्याच आठवड्यात दुरुस्ती मागता येते. अंतिम यादी विद्यापीठाकडे गेल्यावर ती फार अवघड होते.